उत्तर आलं, पण पटतंय का?

नर्सिंगच्या वर्गात फळ्यावर एक छोटं उदाहरण पडतं. बाळाचं वजन २.४ किलो. डॉक्टरांनी जेंटामायसिनचं इंजेक्शन लिहिलंय, किलोमागे ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ट्रॉलीवरच्या व्हायलवर छापलंय, २ मिलीमध्ये ८० मिलिग्रॅम. तर सिरिंजमध्ये किती मिली घ्यायचं?

वर्गात पुटपुट सुरू होते. ‘रिक्वायर्ड अपॉन अव्हेलेबल, इनटू डायल्यूशन.’ जीएनएमची असो की बीएस्सीची, प्रत्येक विद्यार्थिनीला हे सूत्र तोंडपाठ असतं. तरीही वह्यांमधली उत्तरं गोळा केली की फळ्यावर चार वेगवेगळे आकडे उभे राहतात: ०.३, ३, ०.१५ आणि ०.६. एकीचा दशांश बिंदू सरकलेला असतो. दुसरी शेवटी २ ने गुणायला विसरलेली असते. तिसरीने व्हायलमधलं औषध एका मिलीवर आणलेलं असतं आणि तरी सवयीने पुन्हा २ ने गुणलेलं असतं.

चुका अशा होणारच. पण बरोबर उत्तर कोणतं हे लगेच सांगून ट्यूटर पुढच्या उदाहरणाकडे वळल्या, तर वर्गातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं वाया जातात. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. पुन्हा गणित न करता यातलं कोणतं उत्तर अशक्य वाटतं, आणि का?

मोठ्या माणसांच्या वॉर्डात हा प्रश्न क्वचितच पडतो. तिथे एक गोळी, एक अँप्युल, एक व्हायल म्हणजे साधारण एक डोस असतो. दहापट चूक करायची तर दहा अँप्युल फोडाव्या लागतील, आणि तिसरी फोडतानाच हात थांबेल. लहान मुलांच्या वॉर्डात हा आपोआप मिळणारा इशारा नाहीसा होतो, कारण औषध बहुतेक वेळा मोठ्यांच्याच बाटलीतून काढायचं असतं. त्या एका बाटलीत बाळाला पुरतील असे पाच, सात, कधी दहा डोस असतात. मग कित्येक पट चूक, कधी दहापटही, त्याच बाटलीत आणि नेहमीच्याच सिरिंजमध्ये निमूट मावते, आणि हाताला वेगळं काही जाणवत नाही.

आता फळ्यावरच्या चार उत्तरांकडे पाहू. ३ मिली हे उत्तर पहिल्याच नजरेत बाद व्हायला हवं. सबंध व्हायलच २ मिलीची आहे. अडीच किलोच्याही खालच्या बाळाला दीड व्हायल, म्हणजे १२० मिलिग्रॅम औषध लागेल, हे पटण्यासारखं नाही. उरलेली तीन उत्तरं मात्र दिसायला एकाच घरातली आहेत. ०.१५, ०.३ आणि ०.६ यांतलं खरं कोणतं, ते नजर सांगू शकत नाही. त्यासाठी आधी केलेला अंदाज हाताशी लागतो.

अंदाज गणिताच्या आधी करायचा, हे अनुभवी शिक्षिका पुन्हा पुन्हा बजावतात, आणि त्यांचं खरं आहे. उत्तर एकदा डोळ्यांसमोर आलं की मन त्याचीच बाजू घेऊ लागतं. त्यामुळे सूत्राला हात लावण्याआधी वहीच्या कडेला दोन ओळी लिहायच्या. वजन अंदाजे अडीच किलो, किलोमागे ५, म्हणजे बाराच्या आसपास मिलिग्रॅम हवेत. दोन मिलीत ८०, म्हणजे एका मिलीत ४०. बारा हे चाळिसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. म्हणून उत्तर एका मिलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा खाली यायला हवं. एवढं कडेला लिहिलेलं असलं की ०.१५ आणि ०.६ आपोआप गळतात.

मग नेमकं गणित करायचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना यासाठी नवं काही शिकवावं लागत नाही. शाळेत एकमान पद्धत त्यांनी केलेलीच असते, फक्त डझनभर वह्यांच्या किमतीऐवजी आता औषध आहे. पहिली पायरी, बाळाला किती मिलिग्रॅम: २.४ गुणिले ५, म्हणजे १२. दुसरी पायरी, एका मिलीत किती: ८० भागिले २, म्हणजे ४०. तिसरी पायरी, १२ मिलिग्रॅमसाठी किती मिली: १२ भागिले ४०, म्हणजे ०.३. सूत्रानेही हेच येतं: १२ भागिले ८०, गुणिले २. पण सूत्रात मधला टप्पा झाकलेला राहतो. एकमान पद्धतीत प्रत्येक पायरीवर एक अर्थ असलेली संख्या हाती येते, आणि चूक झालीच तर नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते दिसतं. म्हणूनच प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिण्याचा आग्रह धरायचा. नुसतं ‘४०’ लिहिणारी मुलगी पुढे २ ने गुणू शकते. ‘एका मिलीत ४० मिलिग्रॅम’ असं लिहिणारी सहसा तसं करत नाही.

शेवटी उलटी तपासणी. ०.३ मिली घेतलं तर बाळाच्या अंगात किती औषध जाईल? ०.३ गुणिले ४०, म्हणजे १२ मिलिग्रॅम. ते २.४ किलोवर वाटलं तर किलोमागे ५. केस पेपरवर डॉक्टरांनी ५ च लिहिलंय. उत्तर जिथून निघालं तिथेच परत पोहोचलं. (हे सगळे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्यक्षात डोस आणि दोन डोसांमधलं अंतर बाळाचं वय, वजन, किडनीचं काम पाहून डॉक्टर ठरवतात.)

या औषधात एवढी काटेकोरी का, याचं कारण विद्यार्थिनींना तिथल्या तिथे सांगायला हवं. जेंटामायसिन जास्त गेलं तर किडनीला आणि कानाच्या आतल्या भागाला इजा होऊ शकते, आणि गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. कमी गेलं तर नवजात बाळातला जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही. ०.१५ आणि ०.६ यांच्यामध्ये हे दोन्ही धोके बसलेले आहेत.

आता तेच उदाहरण थोडं बदलून पाहिलं की नजरेची मर्यादाही कळते. बाळ १.५ किलोचं आहे असं धरू. डोस ७.५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१९ मिली. इथे दशांश बिंदू चुकला तर उत्तर १.९ मिली येतं, आणि ते एका व्हायलमध्ये बसतं! ‘व्हायलपेक्षा जास्त लागतंय का’ ही तपासणी २.४ किलोच्या बाळाला वाचवते, १.५ किलोच्या बाळाला वाचवत नाही. जितकं बाळ लहान, तितकी चूक जास्त सहज लपते. तिथे आधार उरतो तो आधीच लिहिलेल्या अंदाजाचा आणि उलट्या तपासणीचा.

शिवाय ०.१९ मिली मोजायचं कशात, हाही प्रश्न गणिताचाच भाग आहे. २ मिलीच्या सिरिंजवर दर ०.१ मिलीला एक रेघ असते. त्यावर ०.१९ वाचता येत नाही, अंदाजाने धरावं लागतं. १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घेतली तर दर ०.०१ मिलीला रेघ मिळते. काही ठिकाणी इन्सुलिनची सिरिंज उचलली जाते, आणि तिथे भारतात एक खास सापळा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. एका मिलीचे ४० भाग केलेली, बहुधा लाल टोपणाची, आणि १०० भाग केलेली, बहुधा नारिंगी टोपणाची. चाळीसच्या सिरिंजमध्ये ०.३ मिली म्हणजे बारावी रेघ. आपल्या व्हायलमध्येही मिलीला ४० मिलिग्रॅमच आहेत, त्यामुळे योगायोगाने बारा मिलिग्रॅम म्हणजे बारा रेघा. ‘एक रेघ म्हणजे एक मिलिग्रॅम’ हा सोपा हिशोब डोक्यात पक्का बसतो. पुढे कधीतरी हातात शंभरची सिरिंज येते. तिथेही बारा रेघा भरल्या जातात, आणि बाळाला ०.१२ मिली, म्हणजे जेमतेम ४.८ मिलिग्रॅम औषध मिळतं. रेघा मोजायच्या नाहीत, मिली मोजायची, हे इथे पटतं.

लेबलची गोष्टही अशीच. जेंटामायसिनची २ मिलीत २० मिलिग्रॅमची, लहान मुलांसाठीची व्हायलही मिळते. तिच्यातून १२ मिलिग्रॅमसाठी १.२ मिली घ्यावं लागतं. आता समजा, गणित या व्हायलवर केलं आणि भरताना हातात ८० मिलिग्रॅमची आली. १.२ मिली हा आकडा गणित म्हणून अगदी बरोबर आहे. तो व्हायलमध्ये मावतो, सिरिंजमध्येही मावतो. पण बाळाला जातात ४८ मिलिग्रॅम, चौपट! वहीतली कोणतीही तपासणी ही चूक पकडत नाही. ती पकडली जाते फक्त औषध भरताना लेबल पुन्हा मोठ्याने वाचलं तरच. म्हणून वर्गात छापील उदाहरणांऐवजी रिकाम्या व्हायल हातात देऊन गणितं घालावीत. आकडा फळ्यावरून नाही, लेबलवरून घ्यायची सवय लागते.

घरोघरी सापडणारं याचं उदाहरण म्हणजे पॅरासिटामॉल. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे १५० मिलिग्रॅम लागतात. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमधून ते ६ मिली होतं. ५ मिलीत २५० च्या सिरपमधून ३ मिली. एका मिलीत १०० मिलिग्रॅमच्या थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड मिली. औषध एकच, डोस एकच, आणि आकडे तीन. ‘सहा मिली दे’ एवढंच कोणी सांगितलं आणि घरी थेंबांची बाटली निघाली, तर पोटात ६०० मिलिग्रॅम जातात. इथे एक झटपट कसोटी लागू पडते. मोठ्या माणसाची साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. १० किलोच्या मुलाला सबंध गोळीहून जास्त औषध निघालं, की तिथेच थांबायचं.

मोठ्यांच्या डोसशी तुलना करण्याची ही कसोटी फार उपयोगाची आहे, पण तीही प्रत्येक वेळी पुरत नाही. १२ किलोच्या मुलाला अमॉक्सिसिलिन किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम, तीन भागांत, असं लिहिलेलं आहे. दिवसाचे ४८० मिलिग्रॅम, एका वेळचे १६०. ‘तीन भागांत’ हे शब्द नजरेतून सुटले, तर दर वेळी ४८० दिले जातात. मोठ्यांची कॅप्सूल ५०० ची असते, म्हणून ४८० खटकतही नाही. ही चूक दिवसाची बेरीज केल्यावरच दिसते: तीन वेळचे मिळून १४४०, किलोमागे १२०. म्हणून डोस ‘एका वेळचा’ की ‘दिवसाचा’, हे गणिताच्या पहिल्या ओळीत लिहून घ्यायचं.

जुन्या पाठ्यपुस्तकांत यंगचा नियम अजून सापडतो. वयाला वय अधिक बाराने भागायचं आणि मोठ्यांच्या डोसने गुणायचं. दोन वर्षांच्या मुलाला त्याप्रमाणे सातवा हिस्सा मिळतो, मग ते मूल १२ किलोचं असो की कुपोषणामुळे ८ किलोचं. मेळघाट किंवा पालघरच्या बालरुग्णालयात जिने काम करायचं आहे, तिला हा नियम इतिहास म्हणून सांगावा, वापरायला देऊ नये. वजन करावं, किलोत लिहावं, आणि ताजं वजन असल्याशिवाय गणितच सुरू करू नये.

एककांचा मुद्दा उरला. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, हे सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो गुणायचं की भागायचं यात. रुपयाचे पैसे केले की आकडा मोठा होतो, तसंच एकक लहान झालं की संख्या मोठी व्हायला हवी. ०.०९ मिलिग्रॅम म्हणजे ९० मायक्रोग्रॅम. बदलल्यावर आकडा उलट दिशेने गेला असेल, तर तिथेच चूक आहे.

हा ०.०९ चा आकडा सहज निवडलेला नाही. १९९६ साली अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या एका रुग्णालयात हृदयदोष असलेल्या दोन महिन्यांच्या बाळाला डिगॉक्सिन द्यायचं ठरलं. वरिष्ठ आणि निवासी डॉक्टरांनी मिळून गणित केलं. उत्तर बरोबर आलं, ०.०९ मिलिग्रॅम. ऑर्डर लिहिताना मात्र ०.९ पडलं. फार्मासिस्टला डोस जास्त वाटला आणि त्याने डॉक्टरांना निरोपही पाठवला, पण ते ड्युटी संपवून गेले होते. दरम्यान ऑर्डरची दुसरी प्रत फार्मसीत पोहोचली आणि त्यावरून औषध भरलं गेलं. वॉर्डातल्या नर्सलाही शंका आली. तिने हजर असलेल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कॅल्क्युलेटर काढून पुन्हा गणित केलं, उत्तर ०.०९ आलं, त्यांनी बाटलीवरच्या लेबलकडे पाहिलं, तिथे ०.९ होतं. शून्य आणि नऊ दोन्हीकडे दिसले आणि त्यांनी होकार दिला. बाळ दगावलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकाने १९९७ मध्ये ही हकिगत सविस्तर छापली, आणि वैद्यकीय चुका शिकवताना ती आजही सांगितली जाते.

या हकिगतीत गणित कुणाचंच चुकलेलं नाही. दोनदा झालं, दोनदा बरोबर आलं. शंकाही दोघांना योग्य आली. चूक घडली ती दोन आकड्यांची तुलना करताना. आकडे मायक्रोग्रॅममध्ये असते तर एका बाजूला ९० आणि दुसऱ्या बाजूला ९०० दिसले असते, आणि ते सारखे वाटणं बरंच अवघड गेलं असतं. दशांशाच्या मागे शून्य येतं तिथे एकक बदलून पूर्ण संख्या करावी, हा धडा इथून येतो. आणि मोठ्यांच्या गोळीची कसोटी? डिगॉक्सिनची नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची असते. ०.९ म्हणजे साडेतीन गोळ्यांहून जास्त औषध, तेही दोन महिन्यांच्या बाळाला आणि थेट शिरेतून. ‘किती गोळ्या होतात?’ एवढा एकच प्रश्न त्या क्षणी पुरला असता.

लिहिण्याचे दोन नियमही याच कारणासाठी आहेत. दशांशाच्या आधी शून्य लिहायचंच, म्हणजे ‘.५’ नाही, ‘०.५’. पूर्ण संख्येनंतर दशांश शून्य लिहायचं नाही, म्हणजे ‘५.०’ नाही, ‘५’. बिंदू पुसट उमटला तर ‘.५’ चे पाच होतात आणि ‘५.०’ चे पन्नास.

दुसऱ्या नर्सकडून तपासून घेण्याच्या पद्धतीबद्दलही ह्यूस्टनची घटना काही सांगते. ‘सिस्टर, ०.३ मिली बरोबर ना?’ असं विचारलं की समोरची मान डोलावते, कारण तिच्यापुढे उत्तर आधीच ठेवलेलं असतं. तपासणाऱ्या सिस्टरच्या हातात केस पेपर, वजन आणि व्हायल द्यायची, आपला आकडा सांगायचा नाही. तिने स्वतंत्र गणित करायचं आणि मग दोन्ही आकडे एककांसकट मोठ्याने वाचायचे. नुकतीच रुजू झालेली मुलगी वरिष्ठ सिस्टरांना असं सांगायला कचरते. म्हणून तेवढं वाक्य वर्गातच जोडीजोडीने म्हणायला लावावं: ‘सिस्टर, माझं उत्तर सांगत नाही, तुम्ही एकदा वेगळं काढून बघता का?’

गणित टाळता आलं तर? तोही मार्ग महाराष्ट्राने जगाला दाखवला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या थोड्या शिकलेल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं त्यात होतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी आढळलं. तिथे डोस मोजके आणि आधीच ठरवून दिलेले होते. बायकांना भागाकार करावा लागत नव्हता.

वॉर्डात आणि उपकेंद्रात असे वजनानुसार तक्ते लावलेले असतील तर ते जरूर वापरावेत. पण तक्ता सगळ्या औषधांचा नसतो, आणि तो अमुक ताकदीच्या व्हायलसाठीच केलेला असतो. व्हायल बदलली की तक्ता खोटा ठरतो. गणित येणाऱ्या नर्सला तक्ता ही आणखी एक तपासणी मिळते. गणित न येणाऱ्या नर्सला मात्र तो केव्हा लागू नाही, ते कळत नाही.

परीक्षेत आज गुण मिळतात ते सूत्राला आणि शेवटच्या आकड्याला. कडेला लिहिलेल्या अंदाजाला नाही, उलट्या तपासणीलाही नाही. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थिनी लिहीत नाहीत, हे प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक आहे. पाच गुणांच्या उदाहरणातले दोन गुण या दोन ओळींसाठी राखून ठेवावेत. आणि प्रत्येक पेपरात एक प्रश्न असा असावा, ज्यात गणित सोडवून दिलेलं आहे, उत्तर चुकीचं आहे, आणि विचारलंय फक्त एवढंच: हे औषध बाळाला द्याल का? नसाल देत, तर का?